लिंक्डइनवर टाकलेली पोस्ट कोणाला दिसते, आणि का

लिंक्डइनवर पोस्ट टाकली की ती आपल्या सगळ्या संपर्कांकडे रवाना होते आणि मध्ये बसलेला अल्गोरिदम ती अडवतो किंवा सोडतो, असे चित्र बहुतेकांच्या मनात असते. मग पुढचे प्रश्न येतात. माझा रीच का दाबला? सकाळी टाकू की संध्याकाळी? पीडीएफ टाकली तर जास्त लोकांपर्यंत जाते का? हे मूळ चित्रच उलटे आहे. ते सुलटे केले की यातल्या बऱ्याच प्रश्नांचा गुंता सुटतो.

पोस्ट मुळात कोणाकडे पाठवली जातच नाही. लिंक्डइनच्या अभियंत्यांनी 2016 मध्ये त्यांच्या फीडमागच्या ‘फॉलोफीड’ या यंत्रणेची माहिती प्रसिद्ध केली होती. तिची रचना अशी की प्रत्येकाच्या पोस्टी त्याच्या स्वतःच्या नोंदवहीत जमा होतात. वाचक ॲप उघडतो तेव्हा त्याच्या ओळखीतल्या आणि फॉलो केलेल्या लोकांच्या नोंदवह्या चाळल्या जातात, आणि फक्त त्याच्यासाठी त्या क्षणी एक यादी तयार होते. म्हणजे तुमची पोस्ट जागच्या जागी असते आणि प्रत्येक वाचकाच्या वेळी ती नव्याने उमेदवार म्हणून उभी राहते. हजार लोकांनी ॲप उघडले तर हजार वेगवेगळ्या निवडणुका होतात. त्यातल्या काही ती जिंकते, बऱ्याच हरते. जिंकलेल्या निवडणुकांची बेरीज म्हणजे रीच.

यादी कशी तयार होते

पोस्ट प्रसिद्ध होताच आधी एक चाळणी लागते. 2017 मध्ये लिंक्डइनने सांगितले होते की नवीन मजकुराची यंत्राकडून लगेच स्पॅम, कमी दर्जाचा आणि ठीक अशी विभागणी होते. नेहमीच्या व्यावसायिक पोस्टीला इथे अडथळा येत नाही, त्यामुळे यावर जास्त वेळ घालवायला नको.

पुढचा टप्पा उमेदवार गोळा करण्याचा. यात तुमचे संपर्क आणि फॉलोअर असतातच. शिवाय कोणी तुमच्या पोस्टवर कमेंट केली किंवा प्रतिक्रिया दिली, तर त्या व्यक्तीच्या संपर्कांच्या यादीतही ती पोस्ट उमेदवार होऊ शकते. ‘अमुक यांनी यावर कमेंट केली’ अशी ओळ वर लावून आलेल्या पोस्टी याच दाराने येतात. तिसरा मार्ग विषयाचा. वाचक ज्या विषयांवर रेंगाळतो त्या विषयांवरच्या पोस्टी त्याच्या ओळखीच्या बाहेरूनही शोधून आणल्या जातात. हे काम आता मजकुराचा अर्थ लावणारी भाषा मॉडेल्स करतात. त्यामुळे पोस्ट कशाबद्दल आहे हे मजकुरातूनच स्पष्ट झाले पाहिजे. त्यासाठी खाली हॅशटॅगची रांग लावण्याची गरज उरलेली नाही.

तिसरा टप्पा गुण देण्याचा, आणि खरा खेळ इथेच आहे. 2024 मध्ये लिंक्डइनच्या संशोधकांनी ‘लायरँक’ नावाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात फीडच्या मॉडेलची पद्धत दिली आहे. एक वाचक आणि एक पोस्ट अशी जोडी घ्यायची आणि अंदाज बांधायचा: हा वाचक या पोस्टवर क्लिक करेल याची शक्यता किती, लाइक करेल याची किती, कमेंट, शेअर आणि मतदान करेल याची किती, आणि तो तिच्यावर बराच वेळ थांबेल याची किती. प्रत्येक शक्यतेला ठरलेल्या वजनाने गुणायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. ती बेरीज म्हणजे त्या वाचकासाठी त्या पोस्टचे गुण. वजने किती हे लिंक्डइनने जाहीर केलेले नाही. ‘एक कमेंट म्हणजे इतके लाइक’ असे छातीठोकपणे सांगणारे तक्ते फिरत असतात, ते त्यामुळे बाजूला ठेवावेत.

एकच पोस्ट, तीन वाचक

समजा, इमारतींची तपासणी करणाऱ्या एक स्थापत्य अभियंता स्लॅबला जाणाऱ्या तड्यांवर पोस्ट लिहितात: कोणते तडे वरवरचे आणि कोणते धोक्याचे. त्यांचे तीन वाचक घेऊ. पहिला त्यांच्याच क्षेत्रातला अभियंता. दुसरी त्यांची कॉलेजातली मैत्रीण, जी आता बँकेत आहे. तिसरा एका मोठ्या कार्यालयीन इमारतीचा देखभाल प्रमुख. तो त्यांना ओळखत नाही, पण इमारत दुरुस्तीच्या पोस्टी वाचत असतो. हिशेब सोपा राहावा म्हणून तीनच कृती धरू आणि वजनेही मनाने ठरवू: बराच वेळ थांबणे 1, लाइक 1, कमेंट 5.

पहिला अभियंता थांबून वाचेल याची शक्यता 30 टक्के, लाइक करेल याची 4, कमेंट करेल याची 2. गुण होतात 0.30 अधिक 0.04 अधिक 0.10, म्हणजे 0.44. मैत्रीण विषय वाचणार नाही, पण नाव पाहून लाइक करेल: थांबणे 5 टक्के, लाइक 8, कमेंट 1. तिचे गुण 0.05 अधिक 0.08 अधिक 0.05, म्हणजे 0.18. देखभाल प्रमुख लाइक किंवा कमेंट फारशी करत नाही, पण वाचतो. थांबणे 25 टक्के, लाइक 1, कमेंट 0.4 टक्के. त्याचे गुण 0.28.

यावरून पोस्ट आधी अभियंत्याला, मग देखभाल प्रमुखाला आणि शेवटी मैत्रिणीला दिसेल असे वाटते. पण हे गुण एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत. अभियंत्याच्या यादीत त्याच दिवशी त्याच्या क्षेत्रातल्या वीस चांगल्या पोस्टी आहेत आणि वरच्या दहा जागांसाठी 0.50 लागतात. तिथे 0.44 ची पोस्ट खाली राहते आणि तो तिथवर स्क्रोल करतच नाही. देखभाल प्रमुखाच्या यादीत त्या दिवशी फार काही नाही, 0.25 वाल्यांनाही वर जागा मिळते. त्याला पोस्ट दिसते. मैत्रीण दिवसातून सहा वेळा ॲप उघडते. तिच्या संपर्कांच्या वरच्या गुणांच्या पोस्टी सकाळीच पाहून झाल्या असतील, तर दुपारी 0.18 लाही संधी मिळते.

पोस्ट ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ ठरवणारा एकच आकडा कुठेही नसतो, हे यातून ध्यानात यावे. एखादी पोस्ट पडली तर ती वाईटच होती असे नव्हे. तुमच्या वाचकांच्या यादीत त्या दिवशी गर्दी होती, एवढेही कारण पुरते. आणि म्हणूनच एका पोस्टच्या आकड्यावरून कुठलाही निष्कर्ष काढू नये.

आणखी एक गैरसमज इथेच दूर होतो. ‘माझ्या यादीत निष्क्रिय लोक फार आहेत, त्यांनी माझा रीच खाली ओढला’ अशी तक्रार ऐकू येते. जो ॲप उघडतच नाही त्याच्यासाठी यादी तयार होत नाही, निवडणूकही होत नाही. तो तुम्हाला मतही देत नाही आणि तुमचे मत कापतही नाही. फॉलोअरच्या संख्येशी रीच ताडून पाहिला की निराशा होते, ती या लोकांमुळे.

थांबण्याचा वेळ, आणि फॉरमॅटबद्दलचा मोठा गैरसमज

लाइक आणि कमेंट फार थोडे लोक करतात. त्यामुळे त्यांच्यावरून अंदाज बांधणे मॉडेलला कठीण जाते. 2020 मध्ये लिंक्डइनने सांगितले की वाचक पोस्टवर किती वेळ थांबला हेही ते विचारात घेऊ लागले आहेत. स्क्रोल करताना पोस्टचा निदान अर्धा भाग पडद्यावर आला की घड्याळ सुरू होते. पोस्टमधली लिंक किंवा मजकूर उघडल्यावर तिथे घालवलेला वेळ वेगळा मोजला जातो. लगेच पुढे सरकलेला अंगठा म्हणजे ‘वगळली’ अशी नोंद. लाइक न करणारा पण शांतपणे वाचणारा देखभाल प्रमुखासारखा वाचक त्यामुळेच हिशेबात आला.

यावरून लोकांनी सरळ निष्कर्ष काढला: ज्यात जास्त वेळ जातो ते टाका. पंधरा पानांची पीडीएफ टाका, म्हणजे वाचक पाने उलटत बसेल आणि गुण मिळतील. लायरँकच्या निबंधात याला थेट उत्तर आहे. ‘बराच वेळ’ म्हणजे अमुक इतके सेकंद असे ठरवलेले नाही. पोस्टचा प्रकार कोणता, ती यादीत कितव्या जागी होती आणि वाचक मोबाइलवर आहे की संगणकावर, यांनुसार गट पाडले जातात. त्या गटातल्या इतर पोस्टींवर जेवढा वेळ जातो त्याच्या तुलनेत उंबरठा ठरतो आणि तो रोज नव्याने मोजला जातो. डॉक्युमेंटची तुलना डॉक्युमेंटशी होते, व्हिडिओची व्हिडिओशी, नुसत्या मजकुराची मजकुराशी.

म्हणून फॉरमॅट बदलल्याने फुकटचे गुण मिळत नाहीत. उलट चुकीच्या फॉरमॅटमध्ये शिरलात तर अवघड स्पर्धा पदरी पडते. तड्यांवरची माहिती 150 शब्दांत नीट बसत असताना ती बारा पानांवर पसरवली आणि प्रत्येक पानावर मोठ्या टायपात एकच वाक्य ठेवले, तर वाचक तिसऱ्या पानावर सोडून देतो. इतर डॉक्युमेंट्सच्या तुलनेत तुमचा वेळ कमी भरतो. तीच माहिती मजकूर म्हणून टाकली असती, तर मजकुरांच्या गटात ती उंबरठा ओलांडून गेली असती.

फॉरमॅट निवडताना विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या मजकुरासमोर वाचक कोणती कृती सहज करेल? शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या गोष्टी असतील, म्हणजे पाच प्रकारच्या तड्यांचे पाच फोटो आणि प्रत्येकाखाली दोन ओळींची ओळख, तर डॉक्युमेंट योग्य. लोक ते पुन्हा लागेल म्हणून सेव्ह करतात. लिंक्डइन 300 पानांपर्यंत आणि 100 एमबीपर्यंतचे डॉक्युमेंट घेते, पण मोबाइलवर वाचता येईल असा टायप ठेवला तर सहा ते दहा पाने पुरेशी होतात. एकच ठाम मुद्दा असेल आणि त्यावर मतभेद होऊ शकत असतील, तर नुसता मजकूर. वाचून झाले की कमेंटची जागा समोरच असते. हात कसा चालतो, आवाज कसा येतो, हे दाखवायचे असेल तरच व्हिडिओ. तड्यावर हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकवायचा असेल तर तो लिहून कळणार नाही. कॅमेऱ्याकडे पाहून परिच्छेद वाचून दाखवायचा असेल तर तो परिच्छेदच टाका.

पोलबद्दल थोडक्यात. मतदान ही वर सांगितलेल्या कृतींपैकीच एक आहे आणि ती सर्वांत सोपी. त्यामुळे एके काळी फीड पोलने भरून गेली होती. मे 2022 मध्ये लिंक्डइनने जाहीर केले की पोल कमी दाखवले जातील, आणि लाइक किंवा प्रतिक्रिया मागण्यासाठीच लिहिलेल्या पोस्टींना पुढे रेटले जाणार नाही. ‘सहमत असाल तर लाइक करा’ ही ओळ तेव्हापासून तोट्याची आहे.

लिंकचे काय? लिंक असलेल्या पोस्टींचा रीच बहुतेकदा कमी दिसतो आणि लोक त्याला शिक्षा म्हणतात. शिक्षा असो वा नसो, एक साधे कारण तिथे असतेच. पोस्टमध्ये फक्त दोन ओळी आणि लिंक असेल, तर फीडमध्ये वाचण्यासारखे काही उरत नाही आणि क्लिक करून गेलेला माणूस कमेंट करायला परत येत नाही. लिंक कमेंटमध्ये टाकण्याची युक्ती या कारणावर काहीच करत नाही. पोस्ट स्वतःहून पूर्ण असावी, म्हणजे लिंक न उघडणाऱ्यालाही मुद्दा मिळावा, आणि लिंक ज्याला खोलात जायचे आहे त्याच्यासाठी शेवटी असावी.

पहिल्या तीन ओळी

पोस्टमध्ये 3,000 अक्षरे बसतात, पण फीडमध्ये सुरुवातीच्या जेमतेम तीन ओळी दिसतात. पुढचा मजकूर ‘आणखी पाहा’ दाबल्यावर उघडतो. ते दाबणे हीही एक कृतीच, आणि ते दाबल्याशिवाय वाचण्याचा वेळ वाढत नाही. म्हणजे थांबणे, लाइक, कमेंट या सगळ्या शक्यता या तीन ओळींच्या मागे उभ्या असतात.

आपल्या अभियंत्यांनी पहिल्यांदा अशी सुरुवात केली असे धरू: ‘आज एका अत्यंत महत्त्वाच्या आणि दुर्लक्षित विषयावर बोलणे गरजेचे वाटते. इमारतींची सुरक्षितता ही आपल्या सर्वांची जबाबदारी आहे.’ दिसणारी जागा संपली आणि तडा अजून आलाच नाही. देखभाल प्रमुखाला ही पोस्ट आपल्या कामाची आहे हे कळायला मार्ग नाही.

आता ही सुरुवात पाहा: ‘स्लॅबच्या तळाला सळईच्या रेषेत सरळ तडा गेला असेल आणि त्याच्या कडेला तांबूस डाग असतील, तर आतली सळई गंजते आहे. नुसते प्लास्टर मारून तो बंद करू नका.’ इथे कोणासाठी आणि कशाबद्दल, हे दोन्ही पहिल्या वाक्यात आले. ज्याच्या इमारतीत असा डाग आहे तो पुढे वाचणारच. ज्याचा संबंध नाही तो पुढे जाईल आणि तेही ठीकच. शिवाय विषयावरून उमेदवार शोधणाऱ्या यंत्रणेलाही स्लॅब, तडा, सळई, गंज हे शब्द मिळतात. पहिल्या सुरुवातीतून तिला ‘महत्त्वाचा विषय’ एवढेच मिळाले असते.

वेळ नेमकी कुठे कामाला येते

वाचक ॲप उघडतो तेव्हा निवड होते. मग पोस्ट कधी टाकली याला महत्त्व का? कारणे दोन. गुण देताना ताजेपणा विचारात घेतला जातो, त्यामुळे तीच पोस्ट वीस तासांनी उघडणाऱ्या वाचकासमोर थोडी मागे पडलेली असते. दुसरे कारण जास्त वजनाचे आहे. सुरुवातीच्या वाचकांनी काय केले हीच मॉडेलच्या हातातली पहिली खरी माहिती असते. तोवर सगळे अंदाज तुमच्या जुन्या पोस्टींवरून आणि मजकुरावरून बांधलेले असतात. पहिल्या शंभर वाचकांपैकी बरेच जण थांबले, तर पुढच्या वाचकांसाठीचे अंदाज वर सरकतात. बरेच जण वगळून गेले, तर खाली.

म्हणून ‘सगळ्यात जास्त लोक ऑनलाइन असतात ती वेळ’ हा निकष अपुरा पडतो. सर्वाधिक गर्दीच्या वेळी पोस्टीही सर्वाधिक पडतात. हवी ती वेळ अशी की पहिले वाचक तेच असावेत ज्यांच्यासाठी पोस्ट लिहिली आहे. देखभाल प्रमुख सकाळी इमारतीची फेरी आटोपून दहाच्या सुमारास फोन पाहत असतील, तर साडेनऊ ही चांगली वेळ. रात्री अकराला टाकलेल्या पोस्टचे पहिले वाचक कदाचित कॉलेजातले मित्र असतील. ते नाव पाहून लाइक करतील, पण तडा वाचणार नाहीत.

लाइक आणि कमेंट यांची देवाणघेवाण करणारे गट याच कारणाने नुकसान करतात. गटातले तीस जण पहिल्या दहा मिनिटांत ‘खूप छान’ लिहितात. त्यात कोणी विक्रीतले, कोणी मनुष्यबळ विभागातले, कोणी प्रशिक्षक. कमेंटमुळे उमेदवारीचे दार उघडते ते त्यांच्या संपर्कांकडे, आणि त्यांना स्लॅबशी देणेघेणे नसते. ते वगळून जातात, आणि पोस्टची खरी ओळख ‘वगळली जाणारी’ अशी बनत जाते. शिवाय प्रतिसाद कृत्रिमपणे वाढवणे लिंक्डइनच्या वापरकरारात निषिद्ध आहे. याउलट एका देखभाल प्रमुखाने ‘आमच्याकडे डाग आहे पण तडा दिसत नाही, मग काय समजायचे?’ असे विचारले, तर त्याच्यासारख्यांच्या याद्यांत पोस्ट जाते. त्याला तासाभरात नीट उत्तर दिले की तो परत येतो, आणि संवाद वाचायला इतरही थांबतात. पोस्ट टाकल्यावर तासभर मोकळा असेल अशीच वेळ निवडावी, हा या सगळ्यातला सर्वांत उपयोगी नियम आहे.

एका दिवशी दोन पोस्टी टाकण्याबद्दलही विचार करावा. एकाच लेखकाच्या पोस्टी लागोपाठ येऊ नयेत याची फीड काळजी घेते. दुसरी पोस्ट पहिलीच्या वाटेत उभी राहते आणि बहुतेकदा दोन्हींचे नुकसान होते. पहिलीवर अजून कमेंट येत असतील तर दुसरी पुढच्या दिवसावर ढकलावी.

नव्या लेखकांसाठी एक बाब जाणून घेण्यासारखी. 2018 मध्ये लिंक्डइनने लिहिले होते की गुण देताना वाचकाच्या फायद्यासोबत लेखकाचाही विचार करायला त्यांनी सुरुवात केली: प्रतिसाद मिळाला तर हा माणूस पुन्हा लिहील का? क्वचित प्रतिसाद मिळणाऱ्याला पहिल्या काही प्रतिक्रियांचा उपयोग जास्त, हजारोंनी प्रतिसाद मिळणाऱ्याला आणखी एकाचा कमी. त्यामुळे लहान यादी असलेल्यांसाठी रस्ता बंद नाही.

आपल्या पोस्टींचे आकडे कसे वाचावेत

इम्प्रेशन हा आकडा दिसतो तेवढा भक्कम नाही. लिंक्डइनच्या पेजसाठीच्या व्याख्येनुसार पोस्टचा निम्मा भाग 300 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वेळ, पडद्यावर आला की एक इम्प्रेशन मोजले जाते. एकाच माणसाला दोनदा दिसली तर दोन. पोस्टच्या विश्लेषणात ‘किती सदस्यांपर्यंत पोहोचली’ हा आकडा वेगळा असतो, तो पाहावा. त्याखाली वाचकांची पदे, क्षेत्रे आणि कंपन्या दिसतात, ते त्याहून महत्त्वाचे.

वेळ तपासायची असेल तर दहा पोस्टी लागतात: एकाच फॉरमॅटच्या आणि साधारण एकाच प्रकारच्या विषयाच्या. पाच सकाळी, पाच संध्याकाळी. आठवड्याचे वार दोन्हींत सारखे वाटून द्यावेत. प्रत्येकीचा आकडा टाकल्यापासून बरोबर सात दिवसांनी लिहून ठेवावा, कारण जुनी पोस्ट जास्त दिवस इम्प्रेशन्स गोळा करते आणि तुलना बिघडते. समजा सकाळचे आकडे आले 640, 710, 820, 900 आणि 6,100. संध्याकाळचे 880, 950, 1,010, 1,100 आणि 1,240. सरासरी काढली तर सकाळ 1,834 आणि संध्याकाळ 1,036, म्हणजे सकाळ भारी. पण ती सगळी करामत त्या एका 6,100 ची. कुण्या मोठ्या लेखकाने कमेंट केली असेल आणि तीच पोस्ट संध्याकाळीही तितकीच गेली असती. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला तर सकाळ 820, संध्याकाळ 1,010. आता संध्याकाळ पुढे दिसते. तरीही सकाळचा 900 आणि संध्याकाळचा 880 एकमेकांत मिसळतात, तेव्हा हा कल समजावा, निकाल नव्हे. आणखी पाच-पाच पोस्टींनंतरही तोच कल राहिला तर वेळ बदलावी.

पोस्ट पडली तर कुठे पडली हे तीन ठिकाणी पाहून कळते. पोहोचलेले सदस्य कमी आणि वाचकांत योग्य पदे दिसतात, पण लाइक-कमेंटही बऱ्यापैकी आहेत: पोस्ट ठीक होती, त्या दिवशी गर्दी होती किंवा वेळ चुकली. तोच मुद्दा दीड-दोन महिन्यांनी नव्या उदाहरणासह पुन्हा लिहायला हरकत नाही. सदस्य बरेच, योग्य पदेही आहेत, पण प्रतिसाद नगण्य: पहिल्या तीन ओळींनी थांबवले, पुढचा मजकूर टिकला नाही, किंवा तुम्ही इतके पूर्ण लिहिले की बोलायला काही उरले नाही. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. लाइक भरपूर, आकडा मोठा, आणि पदांच्या यादीत वरती सगळे तुमच्याच कंपनीतले किंवा जुन्या कॉलेजातले. नव्या नोकरीची, पुरस्काराची, वाढदिवसाची पोस्ट अशीच चालते. अशा पोस्टी टाकू नयेत असे नाही, पण त्यांचा आकडा तड्यांवरच्या पोस्टच्या शेजारी मांडू नये. आपल्या अभियंत्यांच्या पुरस्काराच्या पोस्टला 9,000 आणि तड्यांच्या पोस्टला 1,400 इम्प्रेशन्स मिळाली, पण दुसरीच्या वाचकांत चाळीस देखभाल प्रमुख आणि इमारत व्यवस्थापक असतील, तर पुढची पोस्ट गळतीवर लिहायची की स्वतःवर, याचे उत्तर त्या पदांच्या यादीत आहे. इम्प्रेशन्सच्या आकड्यात ते सापडणार नाही.